तीन हाका

माझे वडील लांडग्याला भ्यायले नाहीत, फॉरेस्टच्या गार्डाला भ्यायले नाहीत, कंपनीतल्या प्रेसवर शेजारच्याचं बोट गेलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच प्रेसवर जाऊन उभे राहिले. पण चारचौघांत कुणी त्यांची जात विचारली की हा माणूस पार विरघळायचा. आम्ही धनगर. फर्दापूरच्या अलीकडं आमची तीन एकर खडकाळ जमीन आहे, पण आबांचं बालपण गेलं मेंढरांमागं. चिकलठाण्याला कंपन्या उभ्या राहिल्या तसे ते शहरात आले, हेल्परचे ऑपरेटर झाले, आणि आमच्या गल्लीत 'फर्दापूरचे शेतकरी' झाले. घोंगडी पेटीच्या तळाला गेली. आई मेंढरांविषयी काही बोलायला लागली की आबा खाकरायचे.

गल्लीत बहुतेक जण जमीनजुमलावाले होते, पोरं कंपनीत आणि शेत वाट्यानं दिलेलं. संध्याकाळी शेजारच्या काकांच्या ओट्यावर मंडळी बसायची आणि गाडी हटकून नामांतरावर यायची. विद्यापीठाच्या नावावरून शहर वर्षानुवर्षं धुमसत होतं. भिंती घोषणांनी भरलेल्या, आज मोर्चा, उद्या बंद. ओट्यावर म्हणायचे, "आधी सवलती घेतल्या, आता नाव पायजे." आबा मान डोलवायचे. त्यांच्या मनात नामांतराविषयी काय होतं, देव जाणे. ओट्यावर बसायला मिळतंय यातच त्यांना सगळं आलं होतं. मी खिडकीतून ती डोलणारी मान बघायचे आणि मलाच कसंतरी व्हायचं.

त्यात गंमत अशी, की आमची जात नुकतीच भटक्यांच्या यादीत आली होती. म्हणजे ज्या सवलतीवर ओट्यावर थुंकायचे, तीच आमच्या दारात येऊन उभी राहिली होती.

त्या वर्षी मी दहावी झाले. मार्क चांगले पडले, पण इतके चांगले नाही की छाती काढून चालावं. मला डिप्लोमा करायचा होता, इलेक्ट्रिकलचा, सरकारी कॉलेजात. खाजगी कॉलेजचं नावही आमच्याकडं काढायची सोय नव्हती. सरकारीत लागलं तर लागलं, नाही तर आईनं माझ्यासाठी मामेभाऊ बघूनच ठेवला होता. तो चांगला होता बिचारा, पण मला लग्न करायचं नव्हतं. मला टेस्टर खिशात घालून कंपनीच्या गेटातून आत जायचं होतं.

फॉर्म हेडमास्तरांनी भरून घेतला. प्रवर्गाच्या रकान्यात त्यांनीच लिहिलं आणि आबांना दम दिला, "दाखला काढून आणा. नुसतं लिहून भागत नाही, मूळ कागद दाखवावा लागतो." आबा सोयगावच्या तहसीलला खेटे घालून दाखला घेऊन आले, आणि घरात पाऊल टाकताच तो घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळला. जणू कुणाच्या घरातून उचलून आणला होता.

यादी लागली. कॉलेजच्या फळ्यावर दोन ठिकाणी माझं नाव होतं: खुल्या यादीत लांब खाली, कुत्रं विचारणार नाही इतकं खाली, आणि आमच्या प्रवर्गाच्या यादीत वर, जागा नक्की मिळेल असं. खाली टीप होती की मूळ दाखला तपासून मगच. तारीख दिली होती. त्या दिवशी हजर राहायचं, नाव पुकारलं की टेबलापाशी जायचं, मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला सगळं दाखवायचं, शाखा निवडायची, आणि तीनच्या आत खिडकीवर फी भरायची. पुकारल्यावर हजर नसला किंवा तीनच्या आत फी भरली नाही, तर त्या फेरीतला हक्क गेला. जागा यादीतल्या पुढच्याला. काही उरलंच तर दुसरी फेरी.

सगळं फळ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्हाला कळलं नव्हतं असं नाही.

पहिल्या फेरीला आम्ही सकाळीच पोचलो. मोठा हॉल, लाकडी बाकडी, पुढं तीन टेबलं. एक शिपाई दारात उभा राहून खड्या आवाजात पुकारायचा: आधी प्रवर्ग, मग नंबर, मग पूर्ण नाव. तीन हाका. तिसरीला उठलं नाही की टेबलावरचे सर लाल पेनानं रेघ मारायचे. सकाळी खुली यादी झाली, ती आमच्यापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी संपली. मग प्रवर्गांच्या याद्या सुरू झाल्या. आबा कसलीशी झेरॉक्स राहिली म्हणून बाहेर गेले होते. आमच्या यादीतले पहिले काही गेले. मग एका मुलाचं नाव पुकारलं, तीनदा, आणि कुणीच उठलं नाही. शेजारची बाई हळहळली, "यष्टी चुकली आसंल लेकराची." मला मात्र बरं वाटलं. पुढचा एक कमी झाला, मी आणखी वर आले.

तेवढ्यात आबा आले, आणि बाकड्यात शिरता शिरता थबकले. आमच्यापुढं दोन रांगा सोडून त्यांचे सुपरवायझर बसले होते. सफारी, खिशाला दोन पेनं. शेजारी त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, गुडघ्यांवर फाइल. मी साहेबांना आधी कधी बघितलं नव्हतं, फक्त 'साहेब' एवढं ऐकून होते. आबांनी नमस्कार केला. साहेब दचकून वळले, मग हसले.

"तुम्ही इकडं कुठं?"

"पोरीचं ॲडमिशन, साहेब."

"अस्सं. आमचंही तेच. आपलं काय, ओपनमधलं, मेरिटवरचं काम. वेटिंगला आहे, बघू." आणि आवाज थोडा चढवून म्हणाले, "बाकीच्यांचं बरंय बुवा. त्यांना सवलत आहे."

आबा म्हणाले, "व्हय साहेब. आमचं बी ओपनच हाय."

मी आबांकडं बघितलं, ते समोर भिंतीकडं बघत होते. आणि तेवढ्यात शिपायानं हाक दिली. प्रवर्ग, अगदी भटक्या जमातीसकट. माझा नंबर. माझं नाव, आबांचं नाव, आडनाव.

मी उठायला लागले. आबांनी माझं मनगट धरलं. बाकड्याखालून, कुणाला दिसणार नाही असं, पण प्रेसवरच्या हातानं धरलं होतं ते. मी हळूच म्हटलं, "आबा, उठा की." ते हलले नाहीत. दुसरी हाक झाली. हॉलमधली माणसं इकडंतिकडं बघायला लागली, कोण आहे कोण आहे करत. मीही बघितल्यासारखं केलं. काय करणार? स्वतःच्याच नावाला मी मान वळवून शोधलं. तिसरी हाक झाली, आणि लाल पेन खाली गेलं.

आम्ही तसेच बसून राहिलो. गंमत म्हणजे साहेबही उठून जाईनात. खुली यादी कधीच संपली होती, तरी बसून. आबा त्यांच्या जाण्याची वाट बघत होते. हॉल अर्धा रिकामा झाला तेव्हा कुठं साहेब आणि मुलगा निघाले. ते दाराबाहेर गेले तसे आबा ताडकन उठले, वर्तमानपत्रातून दाखला काढला आणि टेबलावर ठेवला.

सरांनी तो वाचला. आबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कुठं होता?"

आबा म्हणाले, "इथंच."

"मग उठला का नाही?"

आबांनी टेबलावरचा दाखला आणखी पुढं सरकवला. सर चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जागा पुढच्या मुलाला गेली. मला आता काही करता येत नाही. त्यातल्या कुणी फी भरली नाही तर जागा फळ्यावर लागेल. येऊन बघत जा." मग कागद आवरताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आज दुसरं. तो मुलगाही असाच. वर नंबर, आणि आलाच नाही."

घरी आल्यावर आईला सांगावं लागलं. मीच सांगितलं, आणि चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. आई पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "मेंढरू बी दुसऱ्या हाकंला उठतं." आबा न जेवता बाहेर गेले. पण त्या दिवशी शेजारच्यांच्या ओट्यावर नाही, आमच्याच पायरीवर बसले.

मग सुरू झालं फळ्याचं बघणं. आबा शिफ्ट सुटली की सायकल थेट कॉलेजात घालायचे. मी विचारायचे नाही, ते सांगायचे नाहीत. चपला कशा काढतात त्यावरून मला कळायचं. मला त्यांचा राग होता, पण रागापेक्षा लाज जास्त होती, आणि ती कुणाची म्हणून करायची हेच कळत नव्हतं. आबांची? साहेबांसमोर लपलेल्या त्या दाखल्याची? का माझी, जी मनगट सोडवून उठू शकली असती? सोळा वर्षांची घोडी होते मी. हिसका दिला असता तर सुटलं असतं. पण हिसका दिला असता तर सगळ्या हॉलनं बघितलं असतं, आणि तेही मला नको होतं. म्हणजे बापाची लाज माझ्यातही उतरली होती, उगीच त्यांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नव्हता.

एक दिवस आबांनी चपला नीट जोडीनं काढल्या. "लागली," म्हणाले. "एक जागा. आपल्या यादीत. कुणी फी भरली न्हाय."

दुसऱ्या फेरीच्या दिवशी नेमका मोर्चा. रिक्षा बंद. आबांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि जालना रोडनं निघाले. चौकात पोलिसांच्या गाड्या, निळे झेंडे, माणसंच माणसं. आबा उतरले आणि सायकल हातात धरून कडेकडेनं चालायला लागले. गर्दीतून एकानं हात केला. आबांच्या शेजारच्या प्रेसवरचा माणूस होता, तोच, बोट गेलेला. खांद्यावर लहान मुलगी. त्यानं ओरडून विचारलं, "पोरीचं झालं का?"

"चाललोय," आबा म्हणाले.

"झालं पायजे," तो म्हणाला आणि पुढं सरकला, घोषणा देत.

आबा थोडं चालल्यावर म्हणाले, "त्याला कशाचीच लाज न्हाय बघ." हे कौतुक होतं का टोमणा, मला कळलं नाही. आबांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

हॉलमध्ये यावेळी माणसं थोडीच होती. फळ्यावर रिकाम्या जागा लिहिलेल्या: खुल्या यादीत एकही नाही, दोन-तीन प्रवर्गांत एकेक. आणि पहिल्या रांगेत साहेब आणि त्यांचा मुलगा. खुल्या यादीत एकही जागा नसताना हे इथं कशाला आले, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. मला फक्त एवढंच दिसलं की आता आबांचं पुन्हा पाणी होणार. मी मनगट आधीच पदराखाली... पदर कुठला, ओढणीखाली घेतलं. ठरवूनच आले होते. यावेळी धरलं तर चावायचं.

साहेबांनी मागं वळून बघितलं. आबांनी मान हलवली. साहेबांनी हलवली.

शिपाई दारात आला. आमचा प्रवर्ग पुकारला. पण नंबर माझ्या वरचा होता, त्या दिवशी न उठलेल्या मुलाचा. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. कुणी उठलं नाही. माझ्या मनात आलं, आजही यष्टी चुकू दे त्याची. देवा, चुकू दे.

आबा एकदम ताठ झाले. मी ओढणी घट्ट धरली. पण त्यांनी माझ्याकडं हात आणला नाही. त्यांनी फाइल माझ्या मांडीवर ठेवली, दाखला वर काढून ठेवला, आणि म्हणाले, "तू बस. तुझं नाव आलं की उठ." आणि उठून, साहेबांकडं न बघता, हॉलच्या बाहेर निघून गेले.

दुसरी हाक झाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. पुन्हा पळाला हा माणूस. साहेबांसमोर माझं नाव पुकारलं जाणार म्हणून तोंड लपवून गेला. त्या क्षणी मला वाटलं, आपल्याला बाप नसता तरी चाललं असतं.

पुढच्या रांगेत साहेबांच्या मुलानं फाइल उचलली होती. अर्धा उठला होता तो. साहेबांचा हात त्याच्या मनगटावर होता, बाकड्याखालून, कुणाला दिसणार नाही असा. पण मी मागं बसले होते आणि तो हात मला ओळखीचा होता. मुलाचे कान लालबुंद झाले होते. तो हळूच खाली बसला.

तिसरी हाक. लाल पेन.

मग माझं नाव. मी पहिल्याच हाकेला उठले. 'हजर' म्हणाले ते इतक्या मोठ्यानं की शिपाईच दचकला. साहेबांनी वळून माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, जिथून आबा गेले होते. त्यांच्या पुढून जाताना मी मुलाकडं बघितलं नाही. बघवलं नाही.

सरांनी एकेक कागद तपासला. दाखल्याचा शिक्का उजेडात धरून बघितला. "इलेक्ट्रिकलचीच जागा आहे," म्हणाले. मी मान हलवली. "पालकांची सही लागेल हमीपत्रावर. कुठंयत?"

"बाहेर आहेत."

"बोलव. आणि तीनच्या आत फी. या वेळी चुकू नका, याच्यापुढं फेरी होईल याची खात्री नाही."

आबा सायकल स्टँडजवळ उभे होते, भिंतीला पाठ लावून. मी भांडायच्याच तयारीत गेले होते. लागली इलेक्ट्रिकलला, तुमच्याशिवाय लागली, आता सही तरी करा, असं सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही.

"साहेब उठले का?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलंच नाही. "कुठले साहेब? कशाला उठतील?"

"त्यांच्या पोराचं नाव पुकारलं ना. आडनाव ऐकलं मी. गेल्या टायमाला मी झेरॉक्सला गेलो व्हतो, तवा कळलं नाय." मग थांबून म्हणाले, "माझ्यापुढं त्यांना उठवंना, म्हणून मी बाहेर आलो. उठले का?"

साहेब उठले असते तर एकुलती जागा त्यांच्या मुलाला गेली असती. हे आबांना माहीत होतं. माहीत असून ते बाहेर आले होते.

"नाही उठले," मी म्हटलं.

"मी गेलो तरी?"

"तरी."

आबा काही वेळ सायकलच्या सीटवरची धूळ पुसत राहिले. मग आत आले. सगळ्या हॉलसमोरून टेबलापर्यंत चालत गेले, सही केली, सरांनी जात विचारली तेव्हा सांगितली. दबक्या नाही, साध्या आवाजात. परत येताना साहेबांपाशी थांबले आणि वाकून हळूच म्हणाले, "साहेब, पुढची फेरी लागली तर मी येत नाय. तुम्ही उठा."

साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, आमचं ओपनमधलं आहे. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

"व्हय साहेब," आबा म्हणाले. मुलगा फाइलच्या कोपऱ्याला नखानं खरवडत होता.

फी तीनच्या बरीच आधी भरली. पेढे आबांनी घेतले नाहीत. आई म्हणाली, असलं कसलं तुमचं वागणं, पोरगी लागली आणि तोंड सुतकी. पण मला कळत होतं. माझी जागा मला मिळाली होती आणि ती हातात धरायला मलाही धड जमत नव्हतं. आपल्यासारखाच हात, आपल्यासारखंच मनगट, आणि आपण त्याची यष्टी चुकावी म्हणून देव आठवला होता.

माझं कॉलेज सुरू झालं तरी आबा शिफ्ट सुटली की कॉलेजच्या फळ्याकडं जायचे. मी वर्कशॉपमधून बाहेर येताना ते मला दिसायचे, सायकल टेकवून, चष्मा वर करून फळा वाचताना. एकदा संध्याकाळी ते उशिरा घरी आले. शेजारच्या ओट्यावर सगळी मंडळी बसली होती. काकांनी हटकलं, "काय हो, पोरीचा नंबर लागून महिना झाला. आता रोज काय बघायला जाता तिथं?"

आबांनी सायकल भिंतीला लावली. मला वाटलं, खाकरतील.

"तिसरी फेरी लागती का बघतो," ते म्हणाले. "आमच्यातल्या एका पोराचं राहिलंय. धनगराच्या."

आबांनी चपला काढल्या आणि आत आले. तिसरी फेरी त्या वर्षी लागलीच नाही.